फोनचे सात फोटो जोडून केलेल्या पॅनोरामात सरळ भिंत फुगते. चित्रासाठी संदर्भ म्हणून कसा वापरायचा?

रेषाली

नमस्कार मंडळी,

एका दुमजली जुन्या इमारतीचं आडवं चित्र करायला घेतलंय. कॅनव्हास १५० बाय ५० सेंटिमीटरचा आहे. इमारत अंदाजे २४ मीटर लांब आणि ७ मीटर उंच. समोरच्या फुटपाथवरून, म्हणजे साधारण १० मीटरवरून, ती एका फोटोत मावत नाही. पाठीमागे कुंपणाची भिंत असल्यामुळे आणखी मागे सरकता येत नाही. म्हणून फोन उभा धरून डावीकडून उजवीकडे सात फोटो काढले आणि फोनमधल्याच एका ॲपने जोडले.

जोडणी झाली, पण तीन गोष्टी खटकतायत. पहिली आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे इमारत मध्ये फुगलीय. छपराची कड मधोमध उंच आहे आणि दोन्ही टोकांना खाली उतरत जाते, जोत्याची रेघ टोकांना वर चढते. पट्टी लावून बघितलं तर डाव्या टोकाची उंची मधल्या उंचीच्या दोन तृतीयांशसुद्धा भरत नाही. दुसरी, माझ्यापुढे दोनेक मीटरवर लोखंडी कठडा आहे, त्याचे गज दोन जागी तुटून भलतीकडेच जोडले गेलेत. तिसरी, आभाळात उभे फिकट-गडद पट्टे आलेत.

मला यावर चौकटी आखून चित्र कॅनव्हासवर उतरवायचंय. अशा फुगलेल्या इमारतीवर चौकटी आखून काही उपयोग नाही. जागेवर पुन्हा जाऊन फोटो काढता येतील, तेव्हा काढण्यापासून जोडण्यापर्यंत काय बदलायला हवं ते सांगा.

---

वाटसरू

ताई, एका जागी उभं राहून फिरलात, तिथेच सगळी गडबड आहे. टोकं तुमच्यापासून लांब आहेत, म्हणून ती लहान दिसणारच. इमारतीला समांतर चालत जा, दोन-दोन मीटरवर थांबा आणि प्रत्येक फोटो नाकासमोर काढा. सगळी इमारत सारख्याच अंतरावरून येईल आणि फुगवटा राहणारच नाही. मी दुकानांच्या रांगांची स्केचेस याच पद्धतीने करतो.

---

पाटीपेन्सिल

बरं झालं हा धागा निघाला. माझ्याकडे घरातलं एक जुनं गुंडाळीचित्र आहे, लांबी नऊ फूट. जमिनीवर पसरून वरून तुकड्यातुकड्याने फोटो काढले, पण जोडल्यावर ते नदीसारखं वळणं घेत जातं. माझाही प्रश्न हाच ना? मीसुद्धा एका जागी उभी राहून फोन फिरवायला हवा होता का?

---

भिंगवाला

पाटीपेन्सिल, तुमचा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे शेवटी येतो. आधी रेषालींचं बघू.

फुगवटा ही ॲपची चूक नाही. तुम्ही भिंतीच्या बरोबर मध्यासमोर उभ्या आहात, तिथे भिंत १० मीटरवर आहे. टोक मध्यापासून १२ मीटर बाजूला, म्हणजे तुमच्या डोळ्यापासून तिरकस मोजलं तर सुमारे १५.६ मीटरवर. १० भागिले १५.६ केलं की ०.६४ येतात. तुमच्या पट्टीवर आलेलं 'दोन तृतीयांशसुद्धा नाही' ते हेच. ॲप फोटो तुमच्याभोवती उभ्या गोल नळीच्या आतून चिकटवतं आणि मग ती नळी उलगडून सपाट करतं. नळीवर प्रत्येक गोष्ट आपापल्या अंतरानुसार लहानमोठी होते आणि आडव्या सरळ रेघा कमानीसारख्या वाकतात. याला सिलिंड्रिकल प्रक्षेपण म्हणतात. फोनच्या स्वतःच्या पॅनोरामा मोडमधूनही असंच चित्र मिळतं.

तुमचा कॅनव्हास मात्र सपाट आहे आणि भिंतीला समांतर आहे असं धरूनच तुम्ही चित्र रचताय. सपाट काच समोर उभी धरून तिच्यावर भिंत गिरवली, तर टोकाची उंची आणि मधली उंची तंतोतंत सारखी येते, कारण काच आणि भिंत समांतर आहेत. हे रेक्टिलिनियर प्रक्षेपण. तेच सात फोटो या पद्धतीने जोडले की छपराची कड पट्टीसारखी सरळ होते. हे करायला प्रक्षेपण निवडू देणारं सॉफ्टवेअर लागतं. मी संगणकावर हगिन वापरतो, ते फुकट आणि मुक्तस्रोत आहे.

वाटसरू, चालत जाऊन फोटो काढणं भिंत अगदी सपाट असेल तर उत्तम. पण इथे कठडा २ मीटरवर आणि भिंत १० मीटरवर आहे. तुम्ही बाजूला सरकलात की फोटोत भिंत जेवढी सरकते, त्याच्या पाचपट कठडा सरकतो. भिंत जुळवली तर कठड्याचे तुकडे होणार, कठडा जुळवला तर भिंतीचे. सज्जा मीटरभर पुढे आलेला असेल तर त्याचंही थोडंफार तेच होतं. तुमच्या दुकानांच्या रांगेपुढे बहुधा मोकळा रस्ता असेल, म्हणून ते निभावलं.

आता कठडा तुटला कसा ते सांगतो. रेषाली, फोन हात लांब करून धरला होता आणि स्वतःभोवती फिरलात, बरोबर? मग भिंग तुमच्यापासून अर्ध्या मीटरवर गोल फिरलं. २० अंश वळलात की भिंग जवळजवळ १७ सेंटिमीटर बाजूला सरकतं. १० मीटरवरच्या भिंतीला त्याने फारसा फरक पडत नाही, पण २ मीटरवरचा गज भिंतीच्या तुलनेत सुमारे चार अंश हलतो. बारा मेगापिक्सेलच्या उभ्या फोटोत ते दोनशेच्या वर पिक्सेल होतात. एवढी फट कुठलंही सॉफ्टवेअर लपवू शकत नाही.

यावर उपाय असा, की फोन भिंगाभोवती फिरला पाहिजे आणि त्याच्याभोवती तुम्ही पावलं टाकत गोल फिरलं पाहिजे. फोनच्या भिंगाच्या बरोबर खाली येईल असा एक दोरा चिकटपट्टीने लावा, खाली एखादा नट किंवा छोटं वजन बांधा आणि जमिनीवर खडूची खूण करा. दोऱ्याची लांबी अशी ठेवा की वजन खुणेच्या बोटभर वर लोंबेल. प्रत्येक फोटोआधी वजन खुणेवर आणा, डुलणं थांबू द्या, मग बटण दाबा. भिंग सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या आत राहतं. सेंटिमीटरभर चूक असेल तर त्याच गजाचं घसरणं पंधराएक पिक्सेलवर येतं, आणि तेवढं जोडाच्या रेघेत खपून जातं.

---

रेषाली

हो, हात लांब करूनच धरला होता. दोऱ्याची कल्पना फार आवडली. आभाळातल्या पट्ट्यांचं काय? आणि फोटो किती काढू, सात पुरतात का?

---

निळावंती

पट्ट्यांचं मी सांगते. फोन प्रत्येक फोटोला उजेड नव्याने मोजतो. आभाळ जास्त आलं की फोटो गडद, इमारत जास्त आली की फिकट. स्क्रीनवर इमारतीच्या मधल्या भागावर बोट दाबून धरा, बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्सपोजर दोन्ही तिथेच कुलूपबंद होतात. प्रो मोड असेल तर शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने ठरवा. व्हाइट बॅलन्स विसरू नका, कारण उजेड सारखा असूनही एक फोटो निळसर आणि शेजारचा पिवळसर येतो, आणि रंग याच संदर्भावरून घ्यायचे तर ते फार महागात पडतं.

आणखी एक. काही फोन जवळची वस्तू चौकटीत आली की न सांगता दुसऱ्या भिंगावर उडी मारतात. कठडा जवळ आहे, तेव्हा हे होऊ शकतं. 1x वर राहा आणि घरी आल्यावर सातही फोटोंच्या माहितीत फोकल लेंग्थ एकच आहे ना ते बघा.

---

भिंगवाला

निळावंतींशी पूर्ण सहमत. संख्येचं म्हणाल तर फोनच्या मुख्य भिंगाची फोकल लेंग्थ ३५ मिमीच्या हिशोबात साधारण २६ असते. तो उभा धरला की आडवा आवाका सुमारे ५३ अंश आणि उभा आवाका सुमारे ६७ अंश मिळतो. तुमची इमारत टोकापासून टोकापर्यंत १०० अंश व्यापते, दोन्हीकडे थोडी मोकळी जागा धरून ११३ घ्या. प्रत्येक वेळी १५ अंश वळलात तर सात फोटोंत भरपूर होतं आणि शेजारच्या दोन फोटोंत निम्म्याहून जास्त भाग समाईक राहतो. चार फोटोंतही भागेल, पण मग जोडाची रेघ कुठून न्यायची याला फारसा वाव उरत नाही.

फोन वर वाकवू नका. इमारत ७ मीटर उंच आणि तुमचा डोळा दीड मीटरवर, म्हणजे छपराची कड क्षितिजापासून २९ अंश वर. उभ्या फोनला वर ३३ अंश मिळतात, म्हणजे फोन सरळ धरूनही ती मावते. आणि फोटो जोडण्याआधी ते कापू नका, सरळ करू नका. सॉफ्टवेअर फोटोचा मध्य म्हणजेच भिंगाचा मध्य असं धरून चालतं, एका बाजूने कापलं की तो हिशोब चुकतो. मेसेजिंग ॲपवरून संगणकावर पाठवले तर फोकल लेंग्थची माहिती बहुतेकदा गळून पडते, त्यापेक्षा केबलने घ्या. माहिती गेलीच असेल तर हगिन विचारतं, तेव्हा फोकल लेंग्थ २६ आणि गुणक १ द्या.

जोडताना दोन कामं जपून करायची. पहिलं, हगिन शेजारच्या फोटोंत समान बिंदू आपोआप शोधतं, त्यातले कठड्यावर पडलेले बिंदू शोधून पुसून टाका. ते राहिले तर सॉफ्टवेअर कठडा आणि भिंत दोघांनाही खूश करायला जातं आणि दोन्ही थोडे थोडे चुकतात. भिंतीवरचे बिंदू ठेवा, सरासरी चूक चार-पाच पिक्सेलच्या आत आली की पुढे चला. शिवाय खिडक्यांच्या उभ्या कडांवर `vertical line` प्रकारचे बिंदू चार-पाच फोटोंत टाका, म्हणजे इमारत कलत नाही.

दुसरं काम बहुतेकांकडून राहून जातं. रेक्टिलिनियर निवडल्यावर चित्राचा मध्य तिथे हवा जिथे भिंत तुमच्या बरोबर काटकोनात समोर होती. तो थोडा डावी-उजवीकडे असला तर छपराची कड सरळ राहते, पण जोत्याला समांतर राहत नाही, एक टोक मोठं आणि एक लहान दिसतं. पूर्वदृश्याच्या खिडकीत चित्र आडवं ओढत राहा आणि दोन्ही टोकांची उंची सारखी झाली की थांबा.

---

निळावंती

टर्मिनल वापरणाऱ्यांसाठी माझी पद्धत, हगिनसोबत येणाऱ्याच आज्ञा आहेत:

```
pto_gen -o bhint.pto *.jpg
cpfind --multirow -o bhint.pto bhint.pto
cpclean -o bhint.pto bhint.pto
linefind -o bhint.pto bhint.pto
autooptimiser -a -m -l -s -o bhint.pto bhint.pto
pano_modify --projection=0 --fov=AUTO --canvas=AUTO -o bhint.pto bhint.pto
hugin_executor --stitching --prefix=bhint bhint.pto
```

`--projection=0` म्हणजे रेक्टिलिनियर, `1` म्हणजे सिलिंड्रिकल. `linefind` उभ्या रेघा आपोआप शोधतं. कठड्यावरचे बिंदू पुसायला आणि मध्य सरकवायला मात्र मध्येच फाइल हगिनमध्ये उघडावी लागते, ते यातून होत नाही.

---

रेषाली

जाऊन आले, दोरा लावून सात फोटो काढले आणि हगिनमध्ये रेक्टिलिनियरने जोडले. छपराची कड अक्षरशः पट्टी लावल्यासारखी सरळ! कॅनव्हासवर १ मीटरला ५ सेंटिमीटर असं प्रमाण बसतंय, म्हणजे इमारत १२० बाय ३५ सेंटिमीटर. भिंगवालांचं ऐकून मधला दरवाजा आणि अगदी उजवीकडचा दरवाजा दोन्ही मोजले, प्रिंटवर दोघांची उंची सारखी आली. कठड्याचे गजही जुळलेत, एका ठिकाणी किंचित धूसर आहे तेवढंच.

पण आता एक नवीनच दिसतंय. इमारत अगदी बरोबर आहे, तिच्यापुढच्या वस्तू नाहीत. उजव्या टोकाला गोल कुंड्यांची रांग आहे, त्या आडव्या ताणून भोपळ्यासारख्या झाल्यात. तिथेच उभा असलेला माणूस भलताच रुंद दिसतोय. खिडक्या मात्र ठीक. एकाच फोटोत खिडकी बरोबर आणि कुंडी चुकीची, हे कसं?

---

तिरपाकोन

कारण रेक्टिलिनियर ९० अंशांच्या पुढे वापरायचंच नसतं. पानिनी प्रक्षेपण घ्या. हगिनमध्ये आहे. उभ्या रेघा उभ्याच राहतात आणि कडेच्या वस्तू ताणत नाहीत. अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार जोव्हान्नी पाओलो पानिनी भव्य दालनांची रुंद दृश्यं रंगवायचा, त्याच्या नावावरून हे नाव पडलंय. चित्रकारांसाठी याहून चांगलं काही नाही. प्रश्न मिटला.

---

भिंगवाला

तिरपाकोन, नावाचं आणि उभ्या रेघांचं बरोबर आहे. पण पानिनीत सरळ राहतात त्या उभ्या रेघा आणि चित्राच्या मध्याकडे धावणाऱ्या रेघा. म्हणून लांबवर जाणारी गल्ली किंवा एखादं दालन आतून बघताना ते फार शोभतं. इथे मात्र भिंत समोर आडवी उभी आहे. छपराची कड मध्याकडे धावत नाही, ती डावीकडून उजवीकडे जाते. अशा रेघा पानिनीत वाकतात. सिलिंड्रिकलपेक्षा कमी, पण वाकतात. वरच्या-खालच्या रेघा ताणून सरळ करायची सोय हगिनच्या `Panini General` मध्ये आहे, पण ती जितकी लावाल तितका टोकाच्या कुंड्यांचा आकार पुन्हा बिघडायला लागतो.

रेषाली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की खिडकी भिंतीत आहे, सपाट आहे आणि काचेला समांतर आहे. तिचा आकार काचेवर कुठेही बदलत नाही. कुंडी गोल आहे. तुमच्या डोळ्याकडून तिच्याकडे जाणारा किरणांचा शंकू काचेला टोकाजवळ खूप तिरका छेदतो आणि तिरका छेद लांबुडका येतो. ५० अंशांवर तो उंचीच्या दीडपटीहून थोडा जास्त रुंद येतो. माणसाचं तेच. म्हणजे फोटो चुकलेला नाही, काचेवर खरोखर तसंच उमटलं असतं.

मग ते विचित्र का दिसतं? कारण चित्र बघण्याची एकच अचूक जागा असते. तुम्ही १० मीटरवर उभ्या होता आणि प्रमाण १ मीटरला ५ सेंटिमीटर आहे, म्हणजे ती जागा कॅनव्हासच्या मध्यासमोर ५० सेंटिमीटरवर येते. तिथे एक डोळा मिटून उभ्या राहा आणि मान न वळवता उजव्या टोकाकडे बघा, कुंडी गोल दिसेल. प्रिंटवर करून बघाच. पण दीड मीटर रुंद चित्र अर्ध्या मीटरवरून कोणी बघत नाही, लोक दोन-तीन मीटर मागे उभे राहतात आणि तिथून ताण उघडा पडतो.

---

रेषाली

प्रिंट भिंतीला लावून आत्ताच करून बघितलं. खरंच गोल दिसते! आणि दोन पावलं मागे आलं की लगेच पसरते. हे डोळ्यांनी अनुभवल्यावर कळलं.

म्हणजे मी काय करायचं? कुंड्या गोलच काढू?

---

भिंगवाला

मी असतो तर गोलच काढल्या असत्या, आणि याला जुना आधार आहे. राफाएलच्या 'स्कूल ऑफ अथेन्स' या भित्तिचित्रात उजवीकडे दोघांच्या हातात गोल आहेत. ते मध्यापासून बरेच बाजूला असूनही त्याने वर्तुळाकार काढलेत, काटेकोर भूमितीने ते लांबट यायला हवे होते. वास्तूची चौकट भूमितीने बांधायची आणि तिच्यातली माणसं, गोळे, झाडं वेगळ्या नजरेने बसवायची, असा तो व्यवहार आहे.

संदर्भासाठी याचा अर्थ असा, की पॅनोरामा फक्त सपाट गोष्टींसाठी वापरा. भिंत, खिडक्या, दरवाजे, छप्पर, जोतं यांच्या जागा आणि मापं त्यावरून घ्या. कुंडी, माणूस, सायकल यांच्यासाठी पॅनोरामातून फक्त दोन गोष्टी घ्या, जमिनीला टेकते ती जागा आणि उंची. उंचीही टोकाला थोडी फसवते, म्हणून जवळच्या दरवाजाशी ताडून घ्या. आकार मात्र मूळ सुट्या फोटोवरून घ्या, ज्यात ती वस्तू फोटोच्या मध्यावर होती. तुमच्याकडे सात फोटो आहेतच. मूळ फोटो जोडणीनंतर पुसू नका, हे म्हणूनच.

---

निळावंती

इथे एक धोका आहे. टोकाची खिडकी रेक्टिलिनियर फोटोत पुसट असते, कारण तिथे थोडेसेच पिक्सेल ताणून मोठे केलेले असतात. त्यामुळे मोह होतो की टोकाच्या खिडकीसमोर जाऊन सरळ फोटो काढावा आणि त्यावरून बारकावे भरावेत. पण समोरून काढलेल्या फोटोत चौकटीची आतली बाजू दिसत नाही, दोन्ही बाजू सारख्याच येतात. तुमच्या उभ्या राहण्याच्या जागेवरून उजव्या टोकाच्या खिडकीत भिंतीची जाडी फक्त उजवीकडे दिसते, डावीकडची लपते. जाळीची नक्षी, रंगाचे पोपडे हे जवळच्या फोटोतून घ्या, पण जाडी आणि सावली कुठल्या बाजूला ते पॅनोरामातूनच घ्या. हे उलटं झालं की प्रत्येक खिडकी दिसायला बरोबर असते, पण भिंत पुठ्ठ्याची वाटते.

---

वाटसरू

चाललेल्या फोटोंत नेमकं हेच होतं, सगळ्या खिडक्या समोरून येतात. मला ते आवडतं, सगळ्या इमारतीला समान मान मिळतो. पण कठड्याचा मुद्दा पटला. माझ्या रांगांपुढे खरंच काही नव्हतं.

एक विचारायचंय. रेषालींनी दोरा लावून पुन्हा फोटो काढले, ते शक्य होतं म्हणून. माझ्याकडे एका रस्त्याचा फोनच्या पॅनोरामा मोडमध्ये काढलेला एकच तयार फोटो आहे आणि ती इमारत आता पाडलीय. त्याचा फुगवटा काढता येईल का?

---

भिंगवाला

बऱ्याच अंशी काढता येईल. तो एकच फोटो हगिनमध्ये घ्या, भिंगाचा प्रकार `Panoramic (cylindrical)` निवडा आणि आडवा कोन अंदाजाने द्या, मग बाहेर काढताना रेक्टिलिनियर निवडा. कोन माहीत नसतो, म्हणून छपराच्या कडेकडे बघत तो बदलत जा. कोन कमी दिला तर थोडा फुगवटा राहतो, जास्त दिला तर कड उलटी वाकते, मध्ये खोलगट होते. सरळ झाली की तोच कोन. क्षितिज, म्हणजे तुमच्या डोळ्याची उंची, त्या फोटोच्या उभ्या मध्यावर असायला हवी. फोन वर वाकवून फिरवला असेल तर वरची आणि खालची रेघ एकाच कोनावर सरळ होत नाहीत, त्यावरून ओळखू येईल. हात हलल्यामुळे गजांना किंवा तारांना पायऱ्या पडल्या असतील तर त्या यातून जात नाहीत, त्या हाताने दुरुस्त करा.

पाटीपेन्सिल, तुमचं राहिलं होतं. गुंडाळीचित्र सपाट आहे आणि त्याच्यापुढे काहीच नाही, तेव्हा वाटसरूंची पद्धत तुमच्यासाठी योग्य. एका जागी उभं राहू नका, फोन सारख्या उंचीवर, जमिनीला समांतर ठेवून सरकवत जा. दोन फोटोंत निम्मा भाग समाईक ठेवा. वळणं येतात ती प्रत्येक जोडाला थोडीशी तिरकी चूक साठत गेल्यामुळे. हगिनमध्ये जोडताना `Positions and Translation` निवडा आणि चित्राच्या वरच्या काठावर `horizontal line` चे बिंदू सगळ्या फोटोंत टाका, म्हणजे काठ सरळ राहतो. कागद जमिनीवर कुठे उचलला गेला असेल तर मात्र तेवढा भाग जुळणार नाही, तो आधी दाबून सपाट करा.

---

पाटीपेन्सिल

धन्यवाद! म्हणजे मी योग्य तेच करत होते, फक्त काठ बांधलेला नव्हता. कागद दोन ठिकाणी नक्कीच उचललेला आहे. काच ठेवली तर चकाकी येईल, तेव्हा कडेला पट्ट्या ठेवून बघते.

---

तिरपाकोन

भिंगवाला, गोल कुंड्यांचं ठीक आहे, पण खांबांचं काय? अशा इमारतींना खाली ओसरी असते, गोल खांब असतात. भूमितीने टोकाचा खांब मधल्यापेक्षा जाड येतो, दीडपट. अंतरं मात्र सारखी राहतात, म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा टोकाला कमी होते. लिओनार्दोने सुद्धा यावर लिहून ठेवलंय. कुंडी सुटी वस्तू आहे, ती गोल काढली तर कोणी विचारणार नाही. खांब हा वास्तूचाच भाग आहे. तो कुठल्या खात्यात टाकायचा?

---

रेषाली

माझ्या इमारतीला खाली आठ खांब आहेत! मी आत्ता प्रिंटवर मोजले. मधले दोन दीड सेंटिमीटर, अगदी टोकाचे सव्वादोनच्या वर. मी ते जसेच्या तसे उतरवून घेतले होते.

---

भिंगवाला

मी सगळे खांब सारख्या जाडीचे काढेन आणि प्रत्येकाचा मध्य प्रिंटवर आहे तिथेच ठेवेन. दोन-तीन मीटरवरून बघणाऱ्याला टोकाचा जाड खांब चूक वाटतो.

---

निळावंती

मी नाही. खांब बारीक केला की त्याच्यामागची भिंत जास्त उघडी पडते, आणि तिथे काय दिसतं ते पॅनोरामात नाही, कारण जाड खांबाने ते झाकलंय. ते कल्पनेने भरावं लागेल. शिवाय खांबावरचं चौकोनी शिरोभाग सपाट आहे, त्याची समोरची बाजू ताणलेली नाही, मग बारीक खांबावर तो कसा बसवणार? मी टोकाचे दोन खांब मधल्या मापापर्यंत न आणता अर्ध्या वाटेवर थांबवेन.

---

रेषाली

दोन्ही करून बघते. उजव्या टोकाच्या तीन खांबांचा भाग ट्रेसिंग पेपरवर दोन्ही प्रकारे काढून भिंतीला लावते आणि अडीच मीटरवरून बघते. शिरोभागाचं निळावंती म्हणतात ते प्रिंटवर स्पष्ट दिसतंय, त्याची समोरची कड सगळीकडे सारखीच रुंद आहे आणि टोकाच्या खांबाने ती जवळजवळ गाठलीय. काढून झाल्यावर फोटो इथेच टाकते.